उत्तर: गाड्याचं नाव

«सांगलीत भडंग-भज्यांचा गाडा टाकतोय. गर्दीत ओरडता येईल असं छोटं, गमतीदार नाव सुचवा.»

माझं मत 'खाऽ की!' ला. आपल्याकडचा आग्रहाचा 'की' त्यात आहे, म्हणजे नाव हीच हाळी. 'या की'पेक्षा हे सरस, कारण 'य' मऊ असल्याने गोंगाटात विरतो आणि नुसतं 'की' ऐकू येतं. 'ख' ठणकन फुटतो, 'आ' हवा तेवढा ताणता येतो. शिवाय 'खा' हे पोराला आणि आजोबांना दोघांनाही चालतं; 'ये'-'या' असा घोळ नाही. दुसऱ्या कुणी सुचवलेलं 'भडंगसम्राट' हे नाव मात्र ओरडताना शेवटच्या जोडाक्षरात अडकतं.

धोका एकच, तो पाटीवर. पेंटरने दोन शब्द चिकटवले की 'खाकी' होतं आणि लोकांना पोलीस आठवतात. म्हणून मध्ये एका अक्षराची जागा सोडायला सांगा, अवग्रह आणि उद्गारचिन्ह ठळक काढून घ्या. खाली बारीक अक्षरांत 'भडंग, कांदाभजी' हवंच, नावावरून पदार्थ कळत नाही.

रंगवण्याआधी संध्याकाळच्या गर्दीत वीस पावलांवरून हाक मारा. नाव माहीत नसलेल्या माणसाला काय ऐकू आलं ते विचारा. 'काकी' म्हणाला, तर 'ख' वर आणखी जोर द्या.