नव्या मॅनेजरने टीमला पाठवायच्या पहिल्या मेलमधली वन-ऑन-वनची ओळ

>"लवकरच प्रत्येकाशी वन-ऑन-वन बोलेन, एवढं लिहिलं तर पुरे ना?"

पुरे नाही. नवा मॅनेजर विषय न सांगता एकेकाला बोलावतोय म्हटल्यावर अप्रेझल नाहीतर कपातीची कुजबुज सुरू होते. कारण आणि वेळ तिथेच सांगून टाका: 'पुढच्या दोन आठवड्यांत प्रत्येकाशी अर्धा तास बोलायचं आहे. तुमचं सध्याचं काम आणि अडचणी समजून घ्यायच्या आहेत. हे मूल्यमापन नाही, तयारी नको. तोपर्यंत रजा आणि मंजुऱ्या आहे तशाच चालतील.'

हे शेवटचं वाक्य मात्र वरिष्ठांना विचारूनच घाला. सिस्टीममध्ये मंजुरीचे अधिकार अजून तुमच्या नावावर आलेले नसतील तर रजेचे अर्ज मध्येच लटकतात, म्हणून तोवर अर्ज कोणाकडे करायचा तेही लिहा. आणि हो, नेमणुकीचा अधिकृत मेल गेल्यावरच हा पाठवा.