मदत हवी आहे: 9 पैकी साडेपाच गुण करूनही मुलाचं फिडे रेटिंग 35 ने खाली कसं आलं?

ऐरोलीची_आई
नमस्कार मंडळी, बुद्धिबळातलं मला घोडा अडीच घरं चालतो एवढंच कळतं, पण मुलगा 13 वर्षांचा आहे आणि शनिवार-रविवार आमचा सगळा स्पर्धांच्या हॉलबाहेर खुर्च्यांवर बसण्यात जातो. गेल्या महिन्यात वाशीला ओपन रेटिंग स्पर्धा होती, 9 राउंडची, त्यात त्याने साडेपाच गुण केले म्हणजे निम्म्यापेक्षा जास्तच ना, आम्ही खूश. नवीन लिस्ट आली आणि बघतो तर 1640 चं 1605! आमच्याच बिल्डिंगमधले एक काका त्याच स्पर्धेत साडेचारवर थांबले, त्यांचं मात्र 1480 चं 1492 झालं. पोरगा दोन दिवस धड जेवला नाही. कुणी निकाल चुकीचा भरला असेल का? आणि लिचेसवर त्याचं 1900 च्या वर आहे, तिथे प्रत्येक डाव संपला की लगेच आकडा बदलतो, मग खरं कुठलं मानायचं?

प्यादं_पुढे
ताई निकाल वगैरे कुणी चुकवत नाही हो. साधं आहे, तुमच्यापेक्षा 200 ने कमी असलेल्याबरोबर तुम्ही 76 टक्के वेळा जिंकणार असं सिस्टीम धरून चालते, हरलात तर जोरात आपटी. आणि तुमचे जितके जातात तितकेच समोरच्याला मिळतात, ह्या खिशातून त्या खिशात. लिचेसचं म्हणाल तर 300 वजा करा, आलं फिडे रेटिंग.

कोपरीचे_काका
माझा अनुभव सांगतो. माझं रेटिंग बरीच वर्षं 1420 होतं, मार्च 2024 मध्ये एकही डाव न खेळता 1652 झालं. मी म्हटलं चला, म्हातारपणी खेळ सुधारला. आता प्रत्येक स्पर्धेत दहा-बारा वर्षांची पोरं येतात, खुर्चीवर उशी ठेवून बसतात आणि मला बडवून जातात, रेटिंग परत 1560 वर. तेव्हा ताई, 35 चं काय घेऊन बसलात.

राउंड_नऊ
ठाणे जिल्ह्यातल्या स्पर्धांना आर्बिटर म्हणून बसतो, म्हणून लिहितो. ताई, चेस-रिझल्ट्सवर त्या स्पर्धेत मुलाच्या नावावर क्लिक केलं की सगळे राउंड येतात, शेवटी `w-we`, `K` आणि `rtg+/-` असे कॉलम असतात. ते इथे टाका, नावं काढून. त्याशिवाय जे बोलू ते सगळं हवेत.

ऐरोलीची_आई
हे घ्या. दोन ठिकाणी शेवटचे कॉलम रिकामेच आहेत, तिथेच काहीतरी राहिलंय असं मला वाटतंय.

```
Rd  Rtg   Res  w-we   K   rtg+/-
1   1440  1    0.24   40    9.6
2   1840  0   -0.24   40   -9.6
3   0     1
4   1490  0   -0.70   40  -28.0
5   1540  ½   -0.14   40   -5.6
6   1460  1    0.26   40   10.4
7   1590  0   -0.57   40  -22.8
8   0     1
9   1470  1    0.28   40   11.2
```

राउंड_नऊ
ह्यात चूक काही नाही, बेरीज उणे 34.8 येते, म्हणजे 1605 बरोबर आहे.

ते रिकामे राउंड म्हणजे 3 आणि 8, समोरचा अनरेटेड होता. ते दोन विजय स्पर्धेच्या टेबलात मोजले जातात पण मुलाच्या रेटिंगमध्ये अजिबात नाही. (त्या पोरांचं पहिलं रेटिंग काढताना मात्र ती हार धरली जाते.) म्हणजे रेटिंगच्या नजरेने तुमच्या मुलाने 9 पैकी साडेपाच नाही, 7 पैकी साडेतीन केले.

आता त्या सातांकडून अपेक्षा किती होती ते बघा. फिडेचा एक तक्ता आहे, रेटिंगमधल्या फरकावरून अपेक्षित गुण सांगणारा. 1640 विरुद्ध 1440 म्हणजे 200 चा फरक, तिथे 0.76 गुण. 1840 वाल्यासमोर उलटं, 0.24. तसे सातही डाव धरले तर बेरीज 4.37 येते, त्याने केले 3.5. कमी पडले 0.87, त्याला K ने म्हणजे 40 ने गुणलं की तुमचे 35. बिल्डिंगमधल्या काकांचं रेटिंगच 1480, त्यामुळे त्यांना समोर बहुतेक जण वरचे मिळाले असणार, अपेक्षा कमी आणि केलं जरा जास्त. बक्षीस गुणांवर मिळतं, रेटिंग अपेक्षेवर चालतं, ह्या दोन गोष्टी हॉलमध्ये पालक हमखास एकत्र करतात.

@प्यादं_पुढे, 76 टक्के "जिंकणार" नाही, 76 टक्के गुण. त्यात ड्रॉ पण आले. दहातले सहा जिंकले आणि तीन ड्रॉ केले तरी साडेसात होतात. आणि खिशाचं गणित दोघांचा K सारखा असेल तरच जुळतं. तुमचा मुलगा 18 च्या आतला आणि 2300 च्या खाली, म्हणून K 40. नवीन खेळाडूलाही पहिले 30 डाव होईपर्यंत 40 च. मोठ्या माणसाचा 20, आणि एकदा 2400 गाठलं की 10. चौथ्या राउंडला समोर एखादे काका असते तर मुलाचे 28 गेले असते पण काकांना 14 च मिळाले असते.

प्यादं_पुढे
बरं ड्रॉचं मान्य. पण मग हे प्रत्येक डावानंतर बदलतं की नाही? चौथ्या राउंडला हरल्यावर तो 1640 राहिलाच नव्हता ना, मग पुढच्या डावांची अपेक्षा कमी व्हायला हवी होती.

राउंड_नऊ
नाही बदलत. स्पर्धा सुरू होताना लिस्टमध्ये जे असेल तेच सगळ्या राउंडना, त्याचं पण आणि समोरच्याचं पण. नववा डावही 1640 धरूनच मोजलाय. फरक डावागणिक काढतात पण तो खात्यावर चढतो पुढच्या लिस्टला, महिन्याच्या एक तारखेला. मधल्या काळात जे "लाइव्ह" आकडे लोक सांगत फिरतात ते आपलं आपण बेरीज करून.

एक गंमत बघा ताई, फक्त चौथा डाव जिंकला असता तर उणे 28 ऐवजी अधिक 12, म्हणजे 40 चा फरक, आणि लिस्टमध्ये 1645 दिसलं असतं. बाकी आठ डाव तसेच. सात डावांत एखादा गुण इकडचा तिकडे होणं ही नेहमीची गोष्ट आहे, त्याची कमी तर एका गुणाच्याही आतली. ह्यावरून खेळ बिघडला असा अर्थ मी तरी काढणार नाही. K 40 असला की हेलकावे मोठे दिसतात, पोरं भराभर सुधारतात म्हणून मुद्दाम तसं ठेवलंय.

कोपरीचे_काका
माझे एका रात्रीत 232 कुठून आले ते कुणी सांगेल का, का म्हाताऱ्याला नुसतं वाचायलाच बसवणार?

राउंड_नऊ
काका, 2000 च्या खाली असलेल्या सगळ्यांना एकदाच भर दिली होती. 2000 ला तुम्ही जितके कमी त्याचे 40 टक्के. तुम्हाला 580 कमी होते, त्याचे 232. त्याच वेळी सगळ्यात खालचं रेटिंग 1000 वरून 1400 केलं. खेळ तोच, पट्टीवरचे आकडे सरकवले. म्हणून 2023 चं 1600 आणि आजचं 1600 शेजारी ठेवून काही अर्थ नाही. आकड्याला स्वतःचा असा अर्थ नसतोच, त्याच लिस्टमधल्या दुसऱ्या आकड्याशी असलेला फरक तेवढा कामाचा.

कोपरीचे_काका
म्हणजे सुधारलो नव्हतो तर. बायको तेव्हाच म्हणाली होती.

ऐरोलीची_आई
हे सगळं त्याला वाचून दाखवलं, चौथ्या डावाचं ऐकून तो म्हणतोय हत्तीच्या एंडगेममध्ये घाई केली. पण लिचेसचं राहिलंच हो.

नेरूळचा_उंट
मी सांगतो. लिचेसवर ग्लिको-2 आहे, वेगळी पद्धत. तिथे आकड्याबरोबर तो आकडा कितपत पक्का आहे ह्याचाही हिशोब आत चालू असतो, नवीन खातं असलं किंवा बरेच दिवस खेळला नाही तर रेटिंगपुढे `?` दिसतं आणि एकेका डावाला मोठी उडी बसते, नियमित खेळलात की चार-सहाने हलतं. सुरुवात 1500 पासून. फिडेत नवीन माणसाचं पहिलं रेटिंग काढताना 1800 वाल्यांशी दोन ड्रॉ झालेत असं धरतात. म्हणजे दोन्हीकडचा पायाच वेगळा आणि माणसंही वेगळी, त्यामुळे ते 300 वजा वगैरे कुणाला लागू पडेल कुणाला नाही. आणि तो 1900 ब्लिट्झचा आहे का? तीन मिनिटांचे डाव घरी पलंगावर लोळत आणि हॉलमध्ये तासन्‌तास बसून एक डाव, हे दोन वेगळे खेळ समजा.

ऐरोलीची_आई
हो, ब्लिट्झच.

सीवूड्स_क्लास
मी लहान मुलांना शिकवतो. माझं स्पष्ट मत, अशा ओपन स्पर्धांत 1600 च्या मुलाला घालूच नका. आपल्याकडे 1450 लिहिलेला मुलगा खरा 1600 चा असतो, महिन्याला दोन-दोन स्पर्धा खेळतो आणि लिस्ट त्याच्या मागे धावत असते. तुमचा मुलगा "खालच्यांशी" हरला नाही, बरोबरीच्यांशी हरला.

ऐरोलीची_आई
हे पटलं! चौथ्या राउंडचा मुलगा मी आत्ताच शोधला, 1490 होता तो नवीन लिस्टमध्ये 1571 आहे. मग हिशोब परत करून मिळतो का?

राउंड_नऊ
परत होत नाही, त्या दिवशी लिस्टला 1490 होतं तेच राहणार. आणि करून बघितलं तरी गंमतच आहे, 1571 धरलं तर अपेक्षा 0.70 ची 0.60 होते, 28 ऐवजी 24 गेले असते. एका मुलामुळे चार पॉइंट, बस.

सरांचं म्हणणं सातही जणांना लागू असेल तर मात्र गोष्ट वेगळी. सगळेच 80 ने कमी दाखवत होते असं धरून मी मांडून बघितलं, 35 ऐवजी साधारण 7 जातात. पण सगळेच तसे होते का हे पुढच्या दोन-तीन लिस्ट बघितल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही, आणि तुमचा मुलगाही सुधारणाराच आहे ना, तोही बहुतेक कुणासाठी तरी "खोटा 1605" ठरणारच. त्यामुळे ओपन खेळूच नका हे मला पटत नाही सर.

सीवूड्स_क्लास
तुम्ही टेबलापलीकडे बसता, मी रडणारी पोरं सांभाळतो. 1600 च्या वरच्यांसाठी वेगळा गट असेल तिथेच पाठवा.

राउंड_नऊ
असे गट आपल्या भागात वर्षातून किती होतात, तेही सांगा की त्यांना.

ताई, मे महिन्यात पाठोपाठ स्पर्धा लावणार असाल तर अजून एक. एका लिस्टच्या काळात डाव गुणिले K 700 च्या वर गेले तर K खाली आणतात. रेटेड डाव 18 झाले तर 720 होतात, म्हणून सगळ्या डावांना 38 लागेल. फार नाही, पण नंतर 40 ने गुणून बघाल आणि जुळत नाही म्हणून परत धागा काढाल.

ऐरोलीची_आई
काढीनच 😄 मेमध्ये ठाण्याची एक नक्की आहे, दुसरीची फी अजून भरली नाही. तो म्हणतोय त्या चौथ्या राउंडवाल्याचं नाव यादीत आहे, म्हणून जायचंच.

कोपरीचे_काका
त्या यादीत 1560 वाला एक म्हातारा पण दिसेल. त्याला जरा सांभाळून घ्या म्हणावं.