शाळेची सोडत: चिठ्ठ्या बऱ्या का कॉम्प्युटर, अन् वेटिंगचं काय?

सेलूकर पालक
आमच्याकडं एका खाजगी शाळेत पहिलीला ४० जागा, अर्ज आले ११८. हॉलमधे चिठ्ठ्या काढल्या, ४० नावं वाचली, वर २० जणांची वेटिंग लावली. आठ दिवसांनी कळालं की वेटिंग १४ वाल्याचं ॲडमिशन झालं बी, अन् आमचा नंबर ६, आम्हाला फोनच नाही. विचारलं तर म्हणे फोन लागला नाही. आता पुढच्या सालच्या पालक समितीत मला घेतलंय अन् सोडत कशी करायची ते लिहून द्या म्हणायलेत. कॉम्प्युटरवर करावी का? यादी कशी लावावी म्हणजे कुणाला बोट ठेवायला जागा राहणार नाही?

तात्या मास्तर
कॉम्प्युटरच्या नादी लागू नका. डबा, चिठ्ठी अन् काढायला लहान लेकरू. समोर बसलेल्या आजीलाही कळतं काय चाललंय. स्क्रीनवर नावं आपोआप खालीवर झालेली बघून कुणाचा विश्वास बसणार हो?

मोंढा नाका
सोडत बिडत सगळं नाटक आहे. माझ्या भाच्याचं २५ टक्क्यात नाव लागलं होतं, मॅपवर घराचा फुगा चुकीच्या गल्लीत पडला म्हणून पडताळणीत बाद केलं. अंतर मोजायचं का नाही ते आधी सांगा.

गोदाकाठ
मोंढा नाका, ती आरटीईच्या २५ टक्क्यांची सोडत, ती राज्यपातळीवर ऑनलाइन निघते, शाळेच्या हातात नसते. इथं शाळेच्या स्वतःच्या जागांचा प्रश्न आहे. कायदा मात्र तोच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम १३ प्रमाणे लेकराची किंवा आईबापाची मुलाखत, चाचणी घेऊन निवड करता येत नाही, निवड करायचीच तर रँडम पद्धतीनं. चाळणी लावली तर पहिल्या वेळी २५ हजारापर्यंत दंड, नंतर दरवेळी ५० हजारापर्यंत. म्हणून शाळा सोडत काढतात, हौस म्हणून नाही.

सेलूकर, तुमची सोडत बहुतेक ठीकच झाली असंल. घोळ झाला तो सोडतीनंतर. दीडशे लोकांसमोर डब्यात हात घालून लबाडी करणं अवघड असतं, पण ऑफिसात बसून "फोन लागला नाही" म्हणणं एकदम सोपं. सगळे लोक डब्याकडं बघत बसतात अन् वेटिंगच्या रजिस्टरकडं कुणीच बघत नाही.

पहिली गोष्ट, वीसवर थांबायचं नाही. ११८ च्या ११८ चिठ्ठ्या काढायच्या, निघाल्या त्या क्रमानं १ ते ११८ नंबर द्यायचे. पहिले ४० आत, ४१ वा म्हणजे वेटिंग १, ११८ वा म्हणजे वेटिंग ७८. अर्ध्या मिनिटाला एक चिठ्ठी धरली तरी तासाभरात काम उरकतं. वीसवर थांबलात तर वीस संपल्यावरची जागा कुणाची? तिथं मग व्यवस्थापनाचा माणूस येतो. सोडतीनंतर आलेला नवा अर्ज ११९ वर, तारखेच्या क्रमानं.

लातूरचा कोडर
मास्तर, चिठ्ठ्या म्हणजे न्याय असं काही नसतं. १९६९ च्या डिसेंबरमधे अमेरिकेत सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत काढली होती, ३६६ कॅप्सूल. महिन्यामहिन्यानं पेटीत टाकल्या अन् नीट घुसळल्याच नाहीत, तर शेवटच्या महिन्यातल्या तारखा जास्त करून आधी निघाल्या, डिसेंबरवाली पोरं सापडली. टीव्हीवर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झालं होतं हे.

तात्या मास्तर
मग घुसळा ना भाऊ! चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, एकाच घडीच्या करा, टाकायच्या आधी ११८ मोठ्यानं मोजा, डबा उपडा करून दाखवा. तंबोलाच्या सोंगट्या वापरल्या असत्या पण त्या ९० च असतात.

जालना जंक्शन
इतकं कशाला? एकच नंबर काढा ना. समजा ७३ निघाला, तर ७३ पासून ११२ पर्यंतचे आत, ११३ पासून वेटिंग, ११८ झालं की परत १ पासून. एका चिठ्ठीत काम खल्लास. हिशोब लावा, प्रत्येकाचा चान्स सारखाच येतो.

गोदाकाठ
जालना, चान्स सारखाच येतो, बरोबर आहे. पण शेजारचे अर्ज एकत्र आत जातात किंवा एकत्र बाहेर राहतात. एका गल्लीतल्या पंधरा जणांनी मिळून एका रांगेत अर्ज भरले असतील तर एकतर पंधराही आत, नाहीतर सगळेच बाहेर. मग लोक म्हणणारच की अमक्या गल्लीची सेटिंग होती, तुम्ही कितीबी गणित सांगा.

लातूरचा कोडर
सेलूकर, कॉम्प्युटरवर करायचं तर खरा धोका सांगतो. एक्सेलमधे लोक `=RAND()` टाकतात अन् सॉर्ट करतात. ते फंक्शन शीटमधे कुठंही बोट लागलं की आकडे बदलतं, `F9` दाबलं की नवी सोडत. कुण्या एका पोराला ११८ मधून पहिल्या ४० मधे आणायचंय असं धरा, एका दाबात चान्स ३४ टक्के. तीन वेळा दाबलं तर तिन्हीत न येण्याचा चान्स २९ टक्के, म्हणजे दहात सात वेळा काम झालं. ना हॅकिंग ना काही, दार लावून तीन वेळा बटण दाबायचं अन् आवडलेली प्रिंट काढायची. प्रिंटवर काहीच दिसणार नाही, कारण ती सोडत बी रँडमच असते, फक्त तिसरी असते.

उपाय असाय. आदल्या दिवशी अर्ज क्रमांकांची यादी पक्की करून बोर्डावर लावायची, पाच पालकांच्या सह्या घ्यायच्या, त्यानंतर एक अक्षर बदलायचं नाही. सोडतीच्या दिवशी डब्यात ० ते ९ च्या दहा चिठ्ठ्या, सहा पालक एकेक काढणार, दरवेळी चिठ्ठी परत आत. आला समजा 407193. हा आकडा यादी पक्की झाल्यावरच जन्मला, म्हणून आधी करून बघायची सोयच नाही. मग लिनक्सच्या टर्मिनलवर हे चालवायचं:

```
for i in $(seq 1 118); do
  echo "$(echo -n "407193-$i" | sha256sum) $i"
done | sort
```

ओळीत शेवटी दिसतो तो अर्ज क्रमांक, वरून खाली तोच क्रम. परभणीत चालवा नाहीतर पुण्यात, तोच क्रम येणार. यादी, आकडा अन् ह्या तीन ओळी बोर्डावर लावा, ज्याला शंका असंल त्यानं घरी करून बघावं. आणि ह्या ओळी पण आदल्या दिवशीच लावायच्या, आकडा आल्यावर लिहायच्या नाहीत, नाहीतर मधल्या `-` च्या जागी दुसरं काही टाकून परत तीन वेळा खेळता येतं.

तात्या मास्तर
बोर्डावर हे लावल्यावर आमच्या गावात लोक विचारतील ही कोणती मंत्रावळी. तपासणारे दोन इंजिनियर, बाकी ११६ जणांनी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. मग फरक काय पडला?

लातूरचा कोडर
दोघं तपासू शकतात हे माहीत असलं तरी करणाऱ्याचा हात थरथरतो. तुमच्या डब्याची सोडत दुसऱ्या दिवशी एकाला पण तपासता येत नाही.

तात्या मास्तर
व्हिडिओ काढा की.

नसरीन, नांदेड
यादी बोर्डावर लावा पण व्हॉट्सॲपवर लेकरांची नावं, जन्मतारीख, बापाचा मोबाईल फिरवू नका प्लीज. आमच्याकडं एका शाळेनं यादीची पीडीएफ ग्रुपवर टाकली अन् दोन दिवसात ट्यूशनवाल्यांचे फोन सुरू झाले. बाहेर फक्त अर्ज क्रमांक जाऊ द्या, प्रत्येकाकडं पावती असतेच.

जालना जंक्शन
नुसते क्रमांक असले तर बोगस अर्ज कसे ओळखायचे? ११८ मधले दहा अर्ज शाळेनंच भरले असले तर? एकाच पोराचे दोन अर्ज असले तर?

गोदाकाठ
दोन्ही बरोबर. म्हणून दोन याद्या. शाळेच्या आतल्या बोर्डावर नाव अन् क्रमांक, सोडतीच्या आधी तीन दिवस, हरकती घ्यायला, फोटो काढायला मनाई. बाहेर फक्त क्रमांक. एकाच जन्मदाखल्यावर दोन अर्ज निघाले तर एकच ठेवायचा. कर्मचाऱ्यांच्या लेकरांना जागा द्यायच्या असतील तर किती ते तेव्हाच लिहायचं, सोडतीनंतर आठवलं तर चालणार नाही. मनाई केली तरी कुणीतरी फोटो काढणारच, त्याला माझ्याकडं उत्तर नाही.

आता वेटिंगचं रजिस्टर, सेलूकरांचं खरं दुखणं. ४० पैकी समजा ६ जण मुदतीत आले नाहीत. ४१ ते ४६ ला बोलवायचं. त्यातल्या ४३ अन् ४५ नं नको म्हणून लिहून दिलं, म्हणून ४७ अन् ४८. झाले का ४०? आधीचे ३४, मग ४१, ४२, ४४, ४६, ४७, ४८. झाले. शेवटचं ॲडमिशन वेटिंग ८ ला मिळालं. आता बाहेरच्या माणसानं एकच बघायचं: वेटिंग ८ आत असंल तर १ ते ७ मधल्या प्रत्येकापुढं एकतर ॲडमिशन नाहीतर लेखी नकार किंवा संपलेली मुदत दिसली पाहिजे. एक जरी नंबर कोरा असला की पकडला. तुमच्याकडं १४ आत अन् ६ कोरा, ह्या एका ओळीत सगळं आलं.

अन् "फोन लागला नाही" हे कारण रजिस्टरमधे चालूच द्यायचं नाही. दोन वेगवेगळ्या दिवशी दोन फोन, एक मेसेज, प्रत्येकाची वेळ लिहायची, वरून बोर्डावर "वेटिंग ६, मुदत गुरुवार संध्याकाळी ५". मुदत संपायच्या आत सातव्याला हात लावायचा नाही. बोर्ड रोज बदलायचा, पण जुना कागद फाडायचा नाही, त्याच्याशेजारी नवा लावायचा. जुना काढून टाकला की मधल्या उड्या दिसत नाहीत.

सेलूकर पालक
हे लिहून देतो. पण अध्यक्ष म्हणतील की एकेकाला दोन दिवस दिले तर वेटिंग दिवाळीपर्यंत चालंल.

गोदाकाठ
एकेकाला नाही, जितक्या जागा रिकाम्या तितक्यांना एकदम बोलवा. वरच्या उदाहरणात दोनच फेऱ्या लागल्या. शाळा सुरू झाल्यावर मुदत एक दिवसावर आणा, पण ते पण आधीच लिहून ठेवा.

नसरीन, नांदेड
माझी जुळी आहेत. वेगवेगळे अर्ज असले तर दोघं आत जायचा चान्स कोडर भाऊ किती?

लातूरचा कोडर
४०/११८ गुणिले ३९/११७, साधारण ११ टक्के ताई. दोघांना मिळून एकच क्रमांक दिला तर ३४ च्या आसपास जातो, अन् ते बाकीच्यांवर काही फार अन्यायाचं नाही.

तात्या मास्तर
नाही कसं? अन् एकोणचाळीस भरले अन् चाळिसाव्याला जुळ्यांची चिठ्ठी निघाली तर एक पोरगं दारात उभं करणार का? का ४१ जागा करणार?

गोदाकाठ
दोनपैकी कोणतं पण करा, पण यादी लावायच्या दिवशी लिहून लावा. मी असतो तर त्या चिठ्ठीला वेटिंग १ ला ठेवलं असतं अन् चाळिसावी जागा पुढच्याला दिली असती.

नसरीन, नांदेड
वेटिंग १ ला ठेवून दोन जागा एकदम रिकाम्या कधी होणार? एकच झाली तर परत तेच ना.