चार ऑसिलेटर एकाच वेळी 'हो' म्हणाले, तर खात्री चौपट होते का?

निशिगंध
रोजच्या चार्टवर आरएसआय, स्टोकॅस्टिक, विल्यम्स %R आणि सीसीआय असे चार लावते. चारही ओव्हरसोल्डमधून वर आले की स्विंगसाठी खरेदी करते. नवरा म्हणतो चारही एकच सांगतात, निम्मे काढून टाक. मला वाटतं, चौघं एकदम बोलले की खात्री वाढते. कोणाचं बरोबर?

आकडेमोड
यजमानांचं. आणि चारातले दोन तर नुसते सारखे नाहीत, ते एकच आहेत. समजा गेल्या 14 दिवसांतला उच्चांक 1,250, नीचांक 1,150 आणि आजचा बंद भाव 1,230. स्टोकॅस्टिक बघतो की नीचांकापासून भाव किती वर आला. शंभराच्या पट्ट्यात ऐंशी, म्हणून 80. विल्यम्स बघतो की उच्चांकापासून किती खाली आहे. वीस, म्हणून उणे 20. कुठलाही दिवस घ्या, स्टोकॅस्टिकमधून 100 वजा केले की विल्यम्स येतो. ओव्हरबॉटच्या रेषासुद्धा 80 आणि उणे 20 अशाच आखलेल्या आहेत. तुमच्या स्क्रीनवर दोन्ही थोडे वेगळे दिसत असतील, तर तिथे स्टोकॅस्टिकला तीन दिवसांचं स्मूदिंग लावलेलं असेल. ते 1 करा, दोन्ही रेषांचा आकार तंतोतंत जुळेल.

आरएसआय आणि सीसीआयचं सूत्र वेगळं आहे, पण त्यांनाही कच्चा माल तोच, अलीकडच्या काही दिवसांचा भाव. माझ्या शब्दावर जाऊ नका. तुमच्या शेअरचं वर्षभराचं वाचन शीटमध्ये घ्या आणि दोन-दोन कॉलम ताडून बघा:

```
=CORREL(F2:F251,G2:G251)
```

उत्तर 1 च्या जितकं जवळ, तितका दुसरा कॉलम फुकटचा.

स्विंग_साताऱ्याचा
मला हे पटत नाही. एकच माप चार वेळा घेऊन सरासरी काढली की चूक कमी होते, हे शाळेच्या प्रयोगशाळेत शिकलोय. मी तीन ऑसिलेटरची अट लावली तेव्हापासून खोटे सिग्नल स्पष्ट कमी झालेत. ते कसं काय मग?

आकडेमोड
सरासरीने चूक कमी होते, पण चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच. चार स्वतंत्र मापं घेतलीत तर चुकीचा पसारा निम्म्यावर येतो. तीच चार मापं आपापसांत 0.9 ने बांधलेली असतील, तर तो जेमतेम 4 टक्के घटतो. एकाच साक्षीदाराचा जबाब चार कागदांवर उतरवून घेण्यासारखं आहे ते.

तुमचे सिग्नल कमी झाले हे मी नाकारत नाही. तिन्हींची अट म्हणजे जो सगळ्यात उशिरा वळतो तोच निर्णय घेतो. एकट्या आरएसआयची रेषा 30 वरून 25 वर नेलीत, तरी सिग्नल असेच कमी होतील. तेव्हा तपासायचं ते वेगळं: जे सौदे गाळले गेले ते तोट्याचे होते, की फायद्याचेही त्याच प्रमाणात गेले?

स्विंग_साताऱ्याचा
गाळलेल्या सौद्यांची नोंद ठेवलेली नाही. ठेवून बघतो. पण तोवर अट काढणार नाही.

बारामतीकर_ऑप्शन
मी बँक निफ्टी पाच मिनिटांच्या चार्टवर करतो. तिथे आरएसआय भारी की सीसीआय? आरएसआयने मला परवा दोनदा फसवलं.

मुनीम
दादा, इथे कुठला भारी हा प्रश्नच नाही, दोन्ही एकाच जातीचे आहेत. फसवलं तेव्हा दुसऱ्यानेही त्याच सुमारास फसवलं असतं, चार्ट मागे नेऊन बघा.

थेट_चार्ट
मग सगळेच काढा ना. एडीएक्स घ्या, एटीआर घ्या, सगळे भावातूनच निघतात. भाव समोर दिसतोय, त्याचीच आकडेमोड पुन्हा बघून काय मिळणार? 2020 ची निफ्टी बघा. 28 फेब्रुवारीला 11,200 च्या आसपास बंद झाली तेव्हा सगळे ऑसिलेटर खोल ओव्हरसोल्ड होते. 23 मार्चला 7,610. चौघांच्या एकमताचा काय उपयोग झाला?

आकडेमोड
उदाहरण चोख आहे, निष्कर्ष अर्धाच. भाव एकच असला तरी त्याला विचारलेला प्रश्न वेगळा असू शकतो. वरचाच पट्टा घेऊ, 1,150 ते 1,250, बंद 1,230. एक शेअर दोन महिने याच पट्ट्यात वरखाली करतोय. दुसरा याच दोन महिन्यांत 900 वरून चढत इथे आलाय. स्टोकॅस्टिक दोघांनाही 80 म्हणेल, कारण त्याला 14 दिवसांपलीकडचं काही दिसत नाही. एडीएक्समध्ये मात्र स्मूदिंग दोनदा होतं, त्यामुळे मागच्या चालीचा माग त्यात उरतो. पहिल्या शेअरचा एडीएक्स बहुधा 20 च्या खाली असेल, दुसऱ्याचा 25 च्या वर. पहिल्यात 80 ला नफा काढून घेणं शहाणपणाचं. दुसऱ्यात 80 म्हणजे नुसता जोर आहे, तिथे विकणारा चढ अर्ध्यावर सोडतो.

तुमच्या मार्चचंही तेच. एडीएक्सला दिशा कळत नाही, पडझडही तितक्याच जोराने मोजतो. तो चढत असताना ओव्हरसोल्ड बघून खरेदीला हात घालायचा नाही, एवढं त्याने सांगितलं असतं.

मुनीम
इथे मी आकडेमोड यांच्याशी पूर्ण सहमत नाही. एडीएक्स उशिरा येतो. तो 25 गाठेपर्यंत चालीचा चांगला भाग निघून गेलेला असतो. दुसरं माप हवंच असेल तर भावाच्या बाहेरचं घ्या. एनएसई रोज संध्याकाळी शेअरवार डिलिव्हरीचा आकडा देते. आरएसआय 30 मधून वर आला आणि त्या दिवशी डिलिव्हरीची संख्या गेल्या महिन्याच्या सरासरीच्या बरीच वर असेल, तर माल घरी नेणारा कोणीतरी आहे. भावातून हे कळत नाही.

दोन ठिकाणी सांभाळा. शेअर ट्रेड-टू-ट्रेडमध्ये असेल तर डिलिव्हरी सक्तीचीच असते, 100 टक्के दिसणारच, त्याला अर्थ नाही. आणि एखादी मोठी बल्क डील झाली की आकडा एका दिवसात फुगतो. बल्क डीलची यादी त्याच संध्याकाळी येते, तीही बघायची. नुसत्या टक्केवारीवरही जाऊ नका. एकूण उलाढाल आटली की टक्केवारी आपोआप वाढते, म्हणून मी शेअरसंख्या बघतो.

आकडेमोड
उशिराचा मुद्दा मान्य. पण डिलिव्हरी बाजार बंद झाल्यावर कळते आणि कोणीतरी माल घेतोय एवढंच सांगते, कोण विकतोय हे नाही. प्रत्येक डिलिव्हरीत माल देणाराही असतोच. पडत्या बाजारात मोठी डिलिव्हरी म्हणजे कोणीतरी मोठा बाहेर पडतोय, असंही असू शकतं.

मुनीम
म्हणूनच ती एकटी वापरत नाही, आरएसआय वळल्यावरच बघतो.

निशिगंध
स्मूदिंग 1 करून बघितलं. स्टोकॅस्टिक आणि विल्यम्स एकावर एक बसले. विल्यम्स लगेच काढला. आरएसआय आणि सीसीआय शीटमध्ये ताडले तर 0.9 च्या वर, म्हणून सीसीआयही गेला. आता आरएसआय ठेवू की स्टोकॅस्टिक? मी साधारण तीन आठवडे शेअर धरते.

आकडेमोड
मी आरएसआय ठेवीन. 14 दिवसांपूर्वीचा एखादा टोकाचा भाव खिडकीबाहेर गेला की आजचा भाव न हलताही स्टोकॅस्टिक उडी मारतो. आरएसआयमध्ये जुना दिवस हळूहळू विरतो. जोडीला एडीएक्स घ्या. पण त्याला सुरुवातीला 28 दिवस तरी लागतात, नवीन लिस्ट झालेल्या शेअरवर वापरू नका.

मुनीम
आणि मी म्हणेन डिलिव्हरी. तीन आठवडे धरणाऱ्याला संध्याकाळचा आकडा पुरतो.

थेट_चार्ट
मी अजूनही म्हणतो, तीन आठवड्यांसाठी आधाराची पातळी आणि स्टॉपलॉस पुरे.

निशिगंध
आरएसआयच्या शेजारी दोन कॉलम करते, एकात एडीएक्स, एकात डिलिव्हरी. सौदा कुठल्याही एकाने अडवला तरी लिहून ठेवीन, अडवलेला सौदा पुढे कुठे गेला तेही. साताऱ्याच्या दादांनीही त्यांची यादी टाकावी, मग शेजारी ठेवून बघता येईल.