पँटूम: ओळ तीच, शेजार नवा

>> पँटूम या चार-चार ओळींच्या कडव्यांच्या काव्यप्रकारात ओळ जशीच्या तशी परत येते, मग दुसऱ्यांदा वाचून नवीन काय मिळतं?

शेजार बदलतो ना. प्रत्येक कडव्याची दुसरी आणि चौथी ओळ पुढच्या कडव्यात पहिली आणि तिसरी होते, म्हणजे जी ओळ आधी कशाच्या तरी मागून आली तीच आता पुढच्या गोष्टीची सुरुवात करते. ठाणे शहरावर पँटूम लिहिताना माझी पहिली ओळ होती 'ठाण्याला गाडी रिकामी होते' आणि दुसरी 'आई दार उघडं ठेवते', पण पुढच्या कडव्यात ती वळेचना, कारण 'ठेवते' म्हटलं की आई घरात आहेच, अर्थ तिथेच बंद. मग क्रियापद काढून 'आईचं दार उघडंच' केलं. पहिल्यांदा आई वाट बघतेय असं वाटतं, आणि पुढच्या कडव्यात त्याखाली 'कुलूप लावायला कोणी उरलं नाही' आलं की पोटात खड्डाच पडतो. मराठीत क्रियापद शेवटी येऊन काळ, लिंग सगळं ठरवून टाकतं, म्हणून परत येणारी ओळ जरा अर्धी सोडावी असं माझं ठाम मत. शेवटच्या कडव्यात पहिल्याच कडव्याची तिसरी ओळ दुसऱ्या जागी आणि पहिली ओळ चौथ्या जागी येते, त्यामुळे कविता संपते 'ठाण्याला गाडी रिकामी होते' वर, आणि आता त्या गाडीतून उतरून जायला घर नाही.