मदत हवी आहे: फारसी एसओपीचं इंग्रजी करायचंय, शब्दकोशात अर्थ विचित्र येताहेत

नीलिमा_क
एका मुलीचं एसओपी, म्हणजे शिष्यवृत्तीच्या अर्जासाठीचं पर्सनल स्टेटमेंट, फारसीतून इंग्रजीत करून द्यायचंय. परवा शेवटची तारीख आहे. मी फारसीच्या तीन परीक्षा दिल्यात, व्याकरणाची अडचण नाही, पण शब्दकोशातून निघणारे अर्थ जुळत नाहीत. वडील वारल्यानंतर ती लिहिते, "मामायम मरा कलान कर्द". कोशात मामा म्हणजे सुईण. सुईणीने मोठं केलं? पुढे "रियासत-ए मआरिफ़" मध्ये "वज़ीफ़ा गिरिफ़्तम". शिवाय शिफारस देणाऱ्या सरांचं नाव पोहनमल असं काहीतरी आहे. कृपया लवकर सांगा.

तेहरानरिटर्न
मी चार वर्षं तेहरानला होतो. मामा म्हणजे सुईणच, यात शंका नाही. वडील नाहीत, तेव्हा गावच्या सुईणीने सांभाळलं असेल. असं घडतं. तसंच लिहा.

गोलकोंडा
वजीफा म्हणजे शिष्यवृत्ती. आमच्या हैदराबादेत लहान पोरालाही माहीत आहे. "मला स्कॉलरशिप मिळाली" असं लिहा, एसओपीत ते चांगलंही दिसेल.

जुनाकारभारी
ताई, मुलगी कुठली आहे ते आधी सांगा. इराणची की अफगाणिस्तानची?

नीलिमा_क
मझार-ए-शरीफची. पण फारसीच ना शेवटी? लिपी तीच, व्याकरण तेच.

जुनाकारभारी
हेच पहिल्या ओळीत हवं होतं. तुमचा कोश तेहरानचा आणि मजकूर दरी भाषेतला, म्हणजे अफगाणिस्तानातल्या फारसीतला. मी हेरात प्रांतात सलमा धरणाच्या कामावर होतो, रोज तिथल्या कारकुनांचे कागद वाचायचो. लिखित व्याकरण जवळजवळ एकच आहे, पण घर, शाळा आणि सरकारी कचेरी यांचे शब्द वेगळे. तुम्ही अडलात त्या जागा नेमक्या याच तीन खात्यांतल्या आहेत.

मामा म्हणजे आपलाच मामा, आईचा भाऊ. इराणमध्ये त्याला दाई म्हणतात. वडिलांचा भाऊ अफगाणांकडेही काकाच, इराणी त्याला अमू म्हणतात. सुईणीला अफगाण लोक काबिला म्हणतात. कलान म्हणजे मोठा, तेव्हा कलान कर्द म्हणजे वाढवलं. मामाने वाढवलं, एवढं साधं वाक्य आहे.

तेहरानरिटर्न
मी जे ऐकलंय तेच सांगितलं. आणि कलान इराणमध्येही आहे, 'कलानशहर' म्हणतात की.

जुनाकारभारी
आहे, पण जोडशब्दांत आणि पुस्तकी भाषेत. पोराला "मी तुला कलान केलं" असं तेहरानची आई म्हणणार नाही, ती बोजोर्ग म्हणेल. तुमचं तेहरानपुरतं बरोबरच आहे. इथे चालत नाही, एवढंच.

आता वजीफा. गोलकोंडा, तुमचं उर्दूला लागू आहे, दरीला नाही. दरीत वजीफा म्हणजे काम, पद, नोकरी. वजीफा गिरिफ़्तम म्हणजे नोकरीला लागले. इथे "स्कॉलरशिप मिळाली" लिहिलंत तर अर्जात एक खोटी शिष्यवृत्ती घुसेल आणि खरी नोकरी गळून पडेल. त्यांनी पुरावा मागितला तर तिने काय दाखवायचं?

गोलकोंडा
बरं, मान्य. मग दरीत शिष्यवृत्तीला काय म्हणतात?

जुनाकारभारी
बोर्स किंवा बोर्सिया. ताई, मजकुरात हा शब्द आहे का ते पाहा. आणि नोकरीचं वाक्य महिन्या-वर्षासकट पूर्ण द्या.

नीलिमा_क
बोर्स नाही. वाक्य असं: "दर दल्व 1399 दर रियासत-ए मआरिफ़ वज़ीफ़ा गिरिफ़्तम." दल्व म्हणजे बादली ना? गावाचं नाव समजून मी तसंच ठेवलं होतं. रियासत म्हणजे संस्थान?

जुनाकारभारी
दल्व महिना आहे. अफगाण सौर वर्षाचे महिने राशींच्या अरबी नावांनी चालतात: हमल, सौर, जौज़ा असे. दल्व म्हणजे कुंभ, अकरावा महिना. इराणी त्याच महिन्याला बहमन म्हणतात, म्हणून तुमच्या पुस्तकात हे नाव आलं नसेल. यात एक खड्डा आहे. सौर वर्षात 621 मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारी लागला की 622 मिळवावे लागतात, कारण त्यांचं वर्ष मार्चमध्ये बदलतं. दल्व साधारण 20 जानेवारीला सुरू होतो. म्हणजे 1399 चा दल्व हा जानेवारी-फेब्रुवारी 2021. 2020 लिहाल तर नोकरीची तारीख वर्षभर मागे जाईल.

रियासत म्हणजे तिथे संचालनालय, प्रमुखाला रईस. मआरिफ़ म्हणजे शिक्षण खातं. तेव्हा "जानेवारी-फेब्रुवारी 2021 मध्ये प्रांतिक शिक्षण संचालनालयात नोकरीला लागले". प्रांताचं नाव पुढेमागे असेलच, ते घाला.

बखरप्रेमी
मराठीत फारसी किती आहे ते पाहा! हजर, जमीन, दप्तर, फिर्याद, खप्पा मर्जी. शिवकाळात राज्यव्यवहारकोश तयार झाला तो याच फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. यावर वेगळा धागा काढावा का?

नीलिमा_क
नंतर काढा, आत्ता नको. पण खप्पावरून आठवलं. ती लिहिते, "पोहनतून बंद शुद, बिस्यार ख़फ़ा शुदम". कोशात ख़फ़ा म्हणजे गुदमरणे. गुदमरले लिहू? पोहनतून कोशातच नाही.

जुनाकारभारी
तेहरानला गुदमरणं, काबूलला दुःखी होणं, मन खट्टू होणं. "फार वाईट वाटलं" असं लिहा.

पोहनतून म्हणजे विद्यापीठ, पश्तोतून आलेला शब्द. इराणी लोक दानिशगाह म्हणतात. यावरून अफगाणिस्तानात मोठं राजकारण झालंय. 2004 च्या राज्यघटनेत देशातल्या रूढ शैक्षणिक आणि प्रशासकीय संज्ञा जपायच्या असं कलमच होतं. 2008 मध्ये बल्खच्या सरकारी टीव्हीवर दानिशगाह म्हटल्याबद्दल पत्रकारांवर कारवाई झाली होती. पण इंग्रजीत दोन्हींचं युनिव्हर्सिटीच होतं, तुम्हाला त्यात शिरायची गरज नाही.

पोहनमल मात्र नाव नव्हे, विद्यापीठातल्या शिक्षकाची श्रेणी आहे. पोहांद सगळ्यात वर, पोहनमल बराच खाली. सरांचं नाव त्याच्यानंतर येतं.

तेहरानरिटर्न
मग प्रोफेसर लिहून टाका, कुणी विचारत नाही.

जुनाकारभारी
असं करू नका. शिफारसपत्रात एक श्रेणी आणि एसओपीत दुसरी दिसली तर संशय येतो. शिफारसपत्राच्या इंग्रजी प्रतीत जी पदवी छापली असेल तीच इथे लिहा. प्रत नसेल तर रोमन लिपीत पोहनमल तसंच ठेवा.

व्हिसावाले_काका
नोटरी केलंत का? माझ्या भाच्याचं जर्मनीचं काम नोटरीवरून अडलं होतं. अपोस्टिल करून घ्या.

नीलिमा_क
काका, हा शिष्यवृत्तीचा अर्ज आहे, साधं भाषांतर चालतं.

मंजिरी_ठाणे
हे सगळं त्या मुलीलाच का विचारत नाही?

नीलिमा_क
डिसेंबर 2022 मध्ये मुलींना विद्यापीठं बंद झाली तेव्हापासून ती घरी आहे. नेट मधूनच मिळतं, निरोप पोचायला वेळ लागतो. इंग्रजी वाचता येतं, लिहायला धजत नाही.

मंजिरी_ठाणे
वाचता येतं ना, मग तयार मजकूर तिला पाठवून वाचून घ्या. नेट कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणून आजच पाठवा. नाती, महिने आणि नोकरीच्या ओळींना खूण करा, म्हणजे थोड्या वेळात तेवढंच बघेल.

जुनाकारभारी
हे उत्तम. "बच्चा" शब्द आला तर त्यालाही खूण करा. इराणात त्याचा अर्थ मूल, दरीत बहुतेक वेळा मुलगा. "दो बच्चा व यक दुख़्तर" म्हणजे दोन मुलगे, एक मुलगी.

नीलिमा_क
आलाय! मामाच्या घरच्या वर्णनात. मी "दोन मुलं आणि एक मुलगी" केलं होतं, बदलते. खुणा करून लगेच पाठवते. शिफारसपत्राची इंग्रजी प्रत माझ्याकडे नाही, तीही तिच्याकडे मागते. तोवर पोहनमल तसंच.