मदत हवी आहे: बेसन लावलेली कढी फुटते, नाहीतर कच्ची लागते, गुठळ्या तर हमखास

घाईघाई
ताकाची कढी काही केल्या जमत नाहीये. मंद आचेवर ठेवून उकळायच्या आत उतरवली तर बेसनाचा कच्चा वास राहतो. जरा उकळू दिली की फुटते, चोथा वेगळा, पाणी वेगळं. गुठळ्या दोन्ही वेळा. सगळ्या कृती वाचून झाल्या, 'मंद आचेवर ढवळत राहा' याच्यापुढे कोणी जात नाही. शनिवारी सासरची मंडळी जेवायला आहेत आणि खिचडी-कढीचा बेत ठरला आहे, बेत बदला असं सांगू नका. नेमकं काय करायचं ते सांगा.

मीठ_चवीपुरतं
मीठ शेवटी घाला. विषय संपला. मीठ आधी पडलं की ताक फुटणारच.

कोकमप्रेमी
नारळाचं दूध कधीही गरम करायचं नाही हो, म्हणून फुटतं ते. कोकमाचा आगळ गार दुधातच मिसळायचा आणि वाढायच्या आधी जरा वेळ फ्रिजमध्ये ठेवायचं. लसूण ठेचून घाला, मस्त होते.

घाईघाई
@कोकमप्रेमी, सोलकढी नाही, ताकाची कढी. बेसन असतं तिच्यात.
@मीठ_चवीपुरतं, मीठ शेवटीच घालते मी. तरी फुटते.

जुनी_पळी
ताई, थोडी माहिती द्या म्हणजे अंदाजाने बोलायला नको. ताक घरचं की पिशवीचं? घरचं असेल तर लोणी काढलेलं की दही नुसतं घुसळलेलं? किती आंबट? बेसन किती, आणि चमचा चहाचा की पोह्याचा? बेसन ताकात कधी घालता? फोडणी आधी की नंतर?

घाईघाई
नेहमीसारखंच करते हो. ताक घरचंच, लोणी काढून उरलेलं. साठवते, त्यामुळे जरा आंबट असतं. साधारण ५ वाट्या घेते. बेसन २ चमचे, चहाचे. आधी तुपात जिरं, हिंग, कढीपत्ता, मिरची, मग त्यावर ताक ओतते, ते गरम झालं की बेसन पाण्यात कालवून लावते.

जुनी_पळी
मग तिन्ही तक्रारींची कारणं तुमच्या याच चार ओळींत आहेत.

फुटण्याचं आधी बघू. लोणी काढलेल्या ताकात स्निग्धांश जवळजवळ उरत नाही, त्यात ते आंबट. असं ताक तापलं की त्यातले दह्याचे बारीक कण एकमेकांना चिकटतात आणि पाणी सोडतात, तोच तुमचा चोथा. बेसनातला स्टार्च शिजून फुगला की तो या कणांच्या मध्ये येतो आणि त्यांना एकत्र येऊ देत नाही. म्हणजे बेसन फक्त दाटपणासाठी नसतं, कढी सांभाळायलाही असतं. पण ५ वाट्यांना चहाचे २ चमचे बेसन त्या कामाला पुरत नाही. पोह्याचे सपाट ४ चमचे घ्या. तरीही कढी पातळच राहते, पिठलं होत नाही.

शिवाय तुम्ही बेसन ताक गरम झाल्यावर लावता. ते फुगून कामाला लागायच्या आत ताक बिघडायला लागलेलं असतं. कडकडीत फोडणीवर गार ताक ओतलं की बुडाशी लागलेलं ताक तिथेच फुटतं, आणि ते बारीक कण पुढे कितीही ढवळलं तरी विरघळत नाहीत.

गुठळ्याही गरम ताकामुळेच. बेसनाचा थेंब गरम ताकात पडला की त्याचं बाहेरचं आवरण लगेच शिजतं, आत कच्चं पीठ तसंच राहतं. गुठळी फोडून बघा, आत पांढरट पीठ दिसेल. तुमच्या कच्च्या वासाचा थोडा भाग तिथूनही येतो.

मीठ_चवीपुरतं
एवढं सगळं कशाला. आमच्याकडे बेसन कोरडंच भाजून घेतात. कच्चा वास जातो, गुठळ्या होत नाहीत, फुटतही नाही.

जुनी_पळी
वासाचं आणि गुठळ्यांचं बरोबर आहे तुमचं. मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजलेलं बेसन चटकन कालवलं जातं. पण भाजलेलं बेसन कच्च्याइतका दाटपणा देत नाही, म्हणून फुटण्यापासून तेवढं वाचवतही नाही. लालसर भाजलंत तर आणखीच कमी, आणि कढीचा रंगही मातकट होतो. मीठ शेवटी घालणंही चांगलंच, फक्त मुळात बेसन कमी असेल तर नुसत्या मिठाने कढी वाचत नाही. मीठ असलेल्या पिशवीच्या ताकाचीही कढी न फुटता होते.

काकूंचा_डबा
मूळ चूक उकळण्यात आहे. कढीला उकळी फुटू द्यायची नाही, कडेने फेस यायला लागला की उतरवायची. आमच्या सासूबाई कढीपाशी उभ्या राहायच्या, फोन आला तरी हलायच्या नाहीत. आजकाल कोणाला उभं राहायला नको.

दालफ्राय_नको
@काकूंचा_डबा, मग बेसन शिजणार कुठे? उतू जाण्याच्या बेतात आली की उतरवायची म्हणजे बेसन कच्चं. प्रश्न विचारणाऱ्या ताई तेच तर सांगताहेत. माझी कढी पहिल्या उकळीनंतर १५ मिनिटं बारीक आचेवर रटरटत असते. एकदाही फुटली नाही.

काकूंचा_डबा
१५ मिनिटं रटरटलेल्या कढीला ताकाची चव राहते का? आंबट पिठलं झालं ते.

दालफ्राय_नको
आमच्याकडे बोटं चाटतात. तुमची पद्धत बिनबेसनाच्या कढीला ठीक आहे.

गोळे_विरघळले
मध्येच विचारते, राग मानू नका. मी गोळ्यांची कढी करते, भिजवलेली हरभरा डाळ वाटून. गोळे कढीत सोडले की सुटतात आणि सगळा गाळ होतो. बेसन जास्त घालू का?

दालफ्राय_नको
डाळ पाणी न घालता वाटा. आणि कढी उकळत असतानाच गोळे सोडा, गार कढीत सोडले तर बांधून यायच्या आतच सुटतात. पहिले काही मिनिटं पळी लावू नका. पण याचा वेगळा धागा काढा ना.

जुनी_पळी
काकू आणि दालफ्राय, दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे. बिनबेसनाची कढी उकळली की फुटतेच, तिथे काकूंचा नियम पाळावाच लागतो. बेसन पुरेसं असेल तर कढी उकळी सोसते आणि तिला शिजायला वेळही द्यावा लागतो. ताई या दोन्हींच्या मध्ये अडकल्या आहेत. बेसन आहे, पण ना उकळी सोसण्याइतकं, ना शिजण्याइतका वेळ.

@घाईघाई, शनिवारसाठी तुम्हाला असं सुचवेन, बेसन आधी पाण्यातच शिजवा. ५ वाट्या कढीसाठी ३ वाट्या ताक आणि २ वाट्या पाणी घ्या, म्हणजे आंबटपणाही आटोक्यात येईल. पोह्याचे ४ चमचे बेसन चाळून पातेल्यात घ्या आणि आधी अगदी थोडं गार पाणी घालून भज्याच्या पिठासारखं दाट कालवा. दाट पिठात गुठळी पळीखाली सापडते आणि मोडते, पातळ पाण्यात ती पळून जाते. गुळगुळीत झालं की उरलेलं पाणी, हळद, किसलेलं आलं घालून मध्यम आचेवर ठेवा. दाटसर होईपर्यंत सतत ढवळा, मग आच कमी करून ७-८ मिनिटं बुडबुडू द्या. इथे ताक नाही, त्यामुळे फुटायची भीती नाही. थेंबभर जिभेवर घेऊन बघा. चरबट लागलं, टाळूला पीठ चिकटल्यासारखं वाटलं तर अजून कच्चं आहे. शिजलं की फेस बसतो आणि रंग पांढरट पिवळ्याचा चकचकीत पिवळा होतो.

मग गॅस बंद करून ५ मिनिटं थांबा. ताक फ्रिजमधून आधीच बाहेर काढून रवीने घुसळून ठेवलेलं असू दे. ते पळीपळीने त्यात घाला, पुन्हा मंद आचेवर ठेवा आणि एकाच दिशेने नाही, बुडाला पळी लागेल असं ढवळा. कडेने फेस वर यायला लागला की मीठ आणि चिमूटभर साखर घालून उतरवा. काकूंच्या नियमाप्रमाणेच. तुपाची फोडणी वेगळी करून वरून घाला. झाकण ठेवू नका, कोंडलेल्या वाफेत कढी उतू जाते.

काकूंचा_डबा
दोन वेळा गॅसवर ठेवायचं. एवढ्या वेळात माझ्या दोन कढ्या होतील. पण ताकाची चव राहील हे खरं.

दालफ्राय_नको
आधी पाण्यात शिजवलेल्या बेसनाची चव वेगळी लागते, पिठल्याची आठवण येते. मी ताकातच शिजवेन.

मीठ_चवीपुरतं
पातेलं कोणतं ते कोणी विचारलं नाही. लोखंडी कढईत कढी काळपट पडते, पितळेला कल्हई नसेल तर आंबटाने कळकते. स्टीलचं जाड बुडाचं घ्या.

घाईघाई
काल रात्री करून बघितली. फुटली नाही. गुठळी एकही नाही. वास बराच कमी, पण फोडणी घालण्याआधी जवळ जाऊन वास घेतला तर बेसन जाणवतंच. ७ मिनिटं घड्याळ लावून शिजवलं होतं. बेसन डब्यातलं जुनं आहे, त्याचं असेल का?

जुनी_पळी
असू शकेल. डबा उघडून वास घ्या. खवट, तेलकट वास आला तर ते बेसन कितीही शिजवा, जाणार नाही, नवीन घ्या. डबा स्वच्छ असेल तर अजून ५ मिनिटं शिजवा, किंवा बेसन फक्त कोमट होईपर्यंत भाजून मग कालवा. दाटपणा फार जाणार नाही. फोडणीत हिंग जरा जास्त आणि ४-५ मेथीदाणे घातले तर उरलासुरला वास दबतो, पण मेथी काळी पडू देऊ नका, कडू होते.

काकूंचा_डबा
मेथी कढीत? कढीपत्ता आणि आलं पुरे असतं.

घाईघाई
डब्याला वास आहे. नवीन बेसन आणते. शेवटचा प्रश्न: सकाळी करून ठेवली आणि दुपारी गरम केली तर फुटेल का?

दालफ्राय_नको
नाही फुटत. माझी तर दुसऱ्या दिवशीही नाही.

जुनी_पळी
दालफ्राय यांची रटरटवलेली असते, तुमची तशी नाही. गार झाली की दाट होते, तर अर्धी वाटी गरम पाणी घाला आणि मंद आचेवर ढवळतच गरम करा, फेस दिसला की थांबा. त्यापेक्षा सकाळी फक्त बेसन पाण्यात शिजवून ठेवा. ताक जेवायला बसायच्या आधी घाला, १० मिनिटांचं काम आहे. गार झालेलं बेसन घट्ट होतं, तेव्हा आधी थोडं गरम पाणी घालून रवीने सारखं करून घ्या, नाहीतर गुठळ्या परत येतील.

कोकमप्रेमी
ताकाच्या कढीत दोन कोकमं टाकून बघितली आहेत का कोणी?

काकूंचा_डबा
आधीच आंबट ताक आहे त्यांचं!